पाइप कापला, पण त्याचं तोंड साफ केलं का?

आज मासे धरण्याबद्दल नाही, तर माशांच्या टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपाबद्दल लिहितोय. पावसाळा सरत आला की बोटुकली ठेवण्यासाठी आपण टाक्या आणि छोटी तळी भरायला घेतो. विहिरीवर नाहीतर नाल्याच्या डोहावर पंप बसतो आणि दोन दिवसांत पाइपलाइन जोडून होते. त्या दोन दिवसांत पाइप कापणं हे सगळ्यात हलकं काम समजतात. "ए पोरा, एक्सा ब्लेड घे आणि इथं कट मार" म्हटलं की झालं. कापलेलं तोंड कुणी बोट लावूनसुद्धा बघत नाही.

आपल्या मच्छे औद्योगिक वसाहतीत शेडवर काम करणारी पोरं घरोघरी आहेत. त्यांना विचारा. कुठलाही पार्ट कापला की त्याच्या काठाला जी धारदार झालर राहते तिला ती बर म्हणतात, आणि ती काढल्याशिवाय पार्ट पुढे जात नाही. हीच पोरं घरी येऊन पाण्याचा पाइप कापतात तेव्हा मात्र बर तशीच ठेवतात. प्लास्टिकच आहे, त्याला काय होतंय, असं वाटतं. काय होतं ते एका पंपावरून सांगतो.

आपल्याच एका सभासदाची बोटुकलीची सिमेंटची टाकी आहे, पाणी जेमतेम अडीच फूट. विहिरीच्या काठावर पंप बसवलेला. विहिरीतल्या पाण्यापासून पंपापर्यंतची उंची साधारण ४ मीटर. सक्शनचा पाइप ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी, खाली फूट व्हॉल्व्ह, आणि वर पंपाजवळ एक एल्बो. लाइन नवी कोरी होती. पहिल्या दिवसापासून तीन तक्रारी होत्या. पंपात खडखड आवाज यायचा, म्हणजे पोटात खडी फिरते असं वाटायचं. रात्री पंप बंद ठेवला की सकाळी परत पाणी भरूनच चालू करावा लागायचा. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बोटुकली वरच्या वर तिरकी पोहायला लागली, काही मेलीही. उचलून बघितलं तर कल्ल्यांच्या शेपटीच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे, आणि काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे.

मिस्त्रीनं फूट व्हॉल्व्ह बदलला. मग मोटरवाल्यानं इम्पेलर उघडून बघितला. पाणी खराब आहे म्हणून टाकीत चुनाही टाकून झाला. पण कुठंही पाण्याचा एक थेंब गळत नव्हता, म्हणून पाइपाच्या सांध्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सक्शन लाइनची खरी गोम हीच आहे. तिथली गळती बाहेर येत नाही, आत जाते.

आता हे नीट समजून घेऊ. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देते आणि पाणी वर ढकलते. पंप फक्त पाइपातला दाब कमी करतो. समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहोत, म्हणून इथं तो ९.४ मीटरच्या आसपासच भरतो. म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याच्या पंपापेक्षा आपल्या पंपाच्या हाती जवळजवळ एक मीटर कमीच आहे. या सभासदाच्या पंपाला ४ मीटर उंची आणि पाइपातल्या घर्षणाचे धरून अर्धा मीटर, असा साडेचार मीटरचा खर्च होता. तेवढा दाब पंपाजवळच्या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी. एल्बोच्या सांध्यात केसाएवढी फट असली तरी बाहेरची हवा त्या साडेचार मीटरच्या जोरानं आत घुसते. पंप चालू असताना पाणी बाहेर यायचा प्रश्नच नाही.

आत घुसलेली हवा पंपात चेचली जाते, खडखड होतो तो तिचाच. पंप बंद झाला की त्याच फटीतून हवा शिरते, वरचं पाणी खाली उतरतं आणि सकाळी पंप कोरडा मिळतो. हे दोन त्रास माणसाला आहेत, पण तिसरा माशाला आहे आणि तो सगळ्यात महागात पडतो. पंपाच्या आत दाब वाढतो तेव्हा ओढलेली थोडी हवा पाण्यात विरघळते. सोड्याच्या बाटलीत गॅस भरतात ना, तसंच थोडं. असं पाणी उथळ टाकीत आलं की त्यातला जादा वायू परत बाहेर पडू बघतो, आणि तो माशाच्या रक्तातही बुडबुडे करतो. याला वायुबुडबुड्यांचा आजार म्हणतात. यात मुख्य दोषी नायट्रोजन, कारण हवेत तोच सगळ्यात जास्त आहे आणि माशाला त्याचा काही उपयोग नाही. खोल तळ्यात मासा खाली जाऊन बसला तर वरच्या पाण्याच्या दाबामुळे बुडबुडे धरत नाहीत. अडीच फुटांच्या टाकीत खाली जायला जागाच नाही. म्हणून पिल्लांनाच हा त्रास आधी होतो. औषधानं हा जात नाही, कारण तो रोगजंतूंमुळे होतच नाही.

मग ती फट शोधली कशी? पंप चालू ठेवून डिलिव्हरीचं पाणी एका काचेच्या बरणीत घेतलं. पाणी आधी दुधाळ, मग बारीक बुडबुडे वर जाऊन निवळलं. म्हणजे हवा येतेय हे नक्की. मग मळलेली कणीक एकेका सांध्यावर जाड थापत गेलो. कणकेऐवजी ग्रीसही चालतं. तिसरा सांधा, पंपाजवळचा एल्बो. तिथं कणीक बसली आणि दोन मिनिटांत बरणीतलं पाणी साफ यायला लागलं, खडखडही बसली. याहून स्वस्त तपासणी मला तरी माहीत नाही.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सगळी खडखड हवेचीच असते असं नाही. सक्शन फार उंच असलं किंवा जाळी तुंबलेली असली की पंपातलं पाणीच कमी दाबामुळे उकळल्यासारखं होतं आणि त्याच्या वाफेचे बुडबुडे फुटतात. आवाज तसाच खडीचा. फरक असा की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळला की तो आवाज पुष्कळ कमी होतो, आणि बरणीत बुडबुडे दिसत नाहीत. हवेची गळती असेल तर व्हॉल्व्ह आवळूनही बरणीत बुडबुडे येत राहतात.

तो एल्बो पाइपासकट कापून काढला आणि उभा चिरून बघितला. आतमध्ये सगळी हकीकत लिहिलेलीच होती. पाइपाचं टोक तिरकं, एका बाजूला ४ मिलिमीटर आखूड. बाहेरच्या काठाला ब्लेडनं सोडलेली प्लास्टिकची झालर. आणि एल्बोच्या आतल्या भिंतीवर दोन उभ्या कोरड्या रेघा, जिथं सोल्युशन लागलेलंच नव्हतं. सोल्युशन सगळं पुढे ढकललं जाऊन टोकाशी गोळा होऊन वाळलेलं.

या रेघा कशा पडल्या? पीव्हीसीचं सोल्युशन हा डिंक नव्हे. ते दोन्ही भिंतींचं प्लास्टिक वरवर विरघळवतं आणि त्या एकमेकीत मुरतात. त्यासाठी दोन्ही भिंतींवर सोल्युशनचा अखंड थर राहिला पाहिजे. पाइप आत सारताना काठावरची बर खरवडणीसारखी चालते. नारळ खवल्यासारखं ती सॉकेटच्या भिंतीवरचं सोल्युशन खरवडून पुढे नेते. मागे कोरडी उभी रेघ राहते, आणि ती रेघ सॉकेटच्या तोंडापासून पाइपाच्या टोकापर्यंत सरळ जाते. म्हणजे हवेला आत यायचा रस्ताच तयार. आडवी रेघ असती तर एवढं बिघडलं नसतं, तिच्या दोन्ही बाजूंना जोड राहतो. पण पाइप सरळ आत जातो, म्हणून रेघ नेहमी उभीच पडते.

तिरक्या कापाचं नुकसान वेगळं आहे. सॉकेटचं भोक सरळ नसतं, आत जाईल तसं किंचित निमुळतं होतं. तोंडाशी पाइप सैल असतो आणि तळाकडे घट्ट बसतो. खरी मजबूत पकड तळाच्या अर्ध्या भागात. ६३ च्या सॉकेटची खोली साधारण ३७ ते ३८ मिलिमीटर. पाइप ४ मिलिमीटर तिरका असला तर एका बाजूचं टोक तेवढं मागे राहतं, आणि गमावतो ते नेमके घट्ट भागातले ४ मिलिमीटर. शिवाय तिथं आत खाच राहते. त्या खाचेत पाणी गरगरतं, आणि गोळा झालेलं सोल्युशन साठून पाइपाची भिंत मऊ करून ठेवतं.

आता कापायचं कसं ते सांगतो. पाइपावर पेन्सिलनं अंदाजे खूण करू नका. वर्तमानपत्राची सरळ कडेची पट्टी पाइपाभोवती गुंडाळा, तिची कड कडेवर बरोबर बसली की त्या कडेनं रेघ मारा. ही रेघ काटकोनातच येणार, गुण्याची गरज नाही. ब्लेड बारीक दातांचं घ्या. नियम असा की पाइपाच्या भिंतीच्या जाडीत एकाच वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात अडकून तुकडे उडतात आणि बर मोठी येते. अडीच मिलिमीटर भिंतीला इंचाला ३२ दातांचं ब्लेड बसतं. दुकानात सहसा २४ दातांचं मिळतं, ते जाड पाइपाला ठीक. दात पुढच्या दिशेला करून ब्लेड ताणून बसवा. एकाच बाजूनं आरपार कापत गेलं की ब्लेड वळतं. म्हणून थोडं कापा, पाइप थोडा फिरवा, रेघेवर परत थोडं कापा. वेळ दोन मिनिटं जास्त जातो.

ग्राइंडरच्या चकतीनं पीव्हीसी कापू नका. काम झटकन होतं खरं, पण चकतीच्या उष्णतेनं प्लास्टिक वितळून काठाला दोन्ही अंगांनी मण्यांसारखं चिकटतं. ती बर ब्लेडच्या बरपेक्षा कडक आणि काढायला अवघड.

कापल्यावर पाइपाचं तोंड खाली करून धरा, म्हणजे भुगा आत पडणार नाही. बाहेरच्या काठावर कानस तिरकी धरून साधारण १५ अंशांचा उतार द्या, २ ते ३ मिलिमीटर रुंदीचा, गोल फिरवत. शेडवरची पोरं याला चॅम्फर म्हणतात. या उतारामुळे पाइप सोल्युशन खरवडण्याऐवजी त्याच्यावरून घसरत जातो. आतल्या काठाची बर अर्धगोल कानशीनं किंवा चाकूच्या धारेनं काढा, पण तिथं उतार मोठा करू नका, भिंत पातळ होते. मग कोरड्या फडक्यानं पुसा. साफ झालं की नाही हे डोळ्यांपेक्षा कापूस चांगलं सांगतो. कापसाचा बोळा काठावरून आतबाहेर फिरवा. एखादा तंतू जरी अडकून राहिला तरी तिथं बर आहे.

सोल्युशन लावायच्या आधी कोरडाच पाइप घालून बघा. हातानं तो सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकला पाहिजे. सरळ तळाला लागला तर जोड सैल आहे. पाइपावर सॉकेटच्या खोलीची खूण करा. मग सॉकेटमध्ये पातळ, पाइपावर थोडं जास्त सोल्युशन लावून खुणेपर्यंत दाबा, पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, सोडलं की सॉकेट पाइपाला परत बाहेर ढकलतो. निदान एक दिवस दाब देऊ नका. त्या सभासदानं एवढंच केलं. एल्बोच्या दोन्ही बाजूंना नवे तुकडे घातले. बरणीतले बुडबुडे गेले, सकाळी पंप भरलेला मिळायला लागला.

टाकीत मासे असताना दुरुस्ती लगेच जमत नसेल तर तात्पुरता उपाय आहे. पाणी सरळ टाकीत सोडू नका. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या ट्रेवरून दोन-तीन फूट उंचीवरून पातळ धारांनी पडू द्या. पडताना पाण्यातला जादा वायू निघून जातो. पण फट तशीच आहे हे विसरू नका, पंपाचा त्रास चालूच राहणार.

आतल्या बरबद्दल बरंच बोललं जातं, त्यातलं खरं किती ते सांगतो. ६३ च्या पाइपात आत १ मिलिमीटरची बर असली तर पाण्याची वाट सात टक्क्यांनी कमी होते, त्यानं पाणी कमी येतंय असं जाणवणार नाही. तिथं तिचा उपद्रव वेगळा. बरच्या मागे पाणी भोवरे करतं आणि शेवाळ, दोऱ्याचा तुकडा, पानं नेमकी तिथं अडकून गोळा होतात. पाइप बारीक झाला की हिशोबच बदलतो. अर्धा इंची जीआय पाइपाचं भोक साधारण १६ मिलिमीटर. चाकाच्या कटरनं तो कापला की चाक धातू आत ढकलतं, आतून सगळीकडून दीड मिलिमीटरची कड उभी राहते. भोक १३ मिलिमीटर झालं. १३ चा वर्ग १६९, १६ चा वर्ग २५६, म्हणजे वाट एक तृतीयांश गेली. तेवढ्याच पाण्याला तिथून दीडपट वेगानं जावं लागतं, आणि वेगाच्या वर्गानं झीज वाढते म्हणून त्या ठिकाणचा वेगाचा दाब सव्वादोनपटीपेक्षा जास्त होतो. वेगानं निघालेली धार कडेच्या मागे फाटते, भोवरे पाइपाच्या भिंतीवर आपटतात आणि पाइप गुणगुणतो. घराच्या नळाला हिस्स असा आवाज येतो आणि नळ अर्धा बंद केला की आवाज बदलतो, त्यातले कित्येक नळाचे दोष नसून भिंतीतल्या अशा न घासलेल्या कडेचे असतात. आटे पाडायच्या आधी रिमर फिरवला तर ही कड दहा सेकंदांत जाते. आटे पाडल्यावर रिमर फिरवला तर पहिला आटा बिघडायची भीती.

हवेच्या बारीक नळ्यांना तर सगळ्यात जास्त जपा. एअरेटरची ८ मिलिमीटर भोकाची नळी कात्रीनं चेपून कापली आणि आत १ मिलिमीटरचा ओठ राहिला, तर वाट ५६ टक्केच उरते. ती शीळ घालते. शीळ म्हणजे हवा जोरात जातेय असं लोक समजतात. प्रत्यक्षात दगडातून बुडबुडे कमी येत असतात.

एचडीपीईच्या काळ्या पाइपाला सोल्युशन लागत नाही, आवळायचे कपलर लागतात, आतमध्ये रबरी रिंग. तिथं बरचं काम सरळ चाकूचं. धारदार काठ रिंगमधून सारला की रिंगला चीर पडते, बाहेरून काही दिसत नाही, आणि कितीही आवळलं तरी पाणी झिरपतं. उलट आवळून आवळून नटच फुटतो. काठाला उतार द्या, रिंगला साबणाचं पाणी लावा. तेल लावू नका, काही रबरं तेलानं फुगतात.

नवी लाइन पहिल्यांदा चालू करताना डिलिव्हरीचं शेवटचं तोंड टाकीच्या बाहेर धरून पाच मिनिटं पाणी वाहू द्या. सक्शनमध्ये राहिलेला कानशीचा भुगा पंपातून याच पाण्याबरोबर बाहेर पडतो. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, म्हणजे किती निघाला ते दिसेल. मग सक्शनचे सांधे धरतायत की नाही ते बघायला पंप बंद करा, डिलिव्हरी भरलेली ठेवा आणि सक्शनच्या प्रत्येक सांध्याला कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. डिलिव्हरी ३ मीटर वर चढत असेल आणि मध्ये दुसरा एकेरी व्हॉल्व्ह नसेल तर तेवढ्या पाण्याचा दाब उलटा सक्शनवर येतो. अर्ध्या तासानं कागद उघडून बघा. एखाद्यावर ओला डाग असेल तर पंप चालू झाल्यावर हवा तिथूनच येणार.